वहीतले क्रमांक जसेच्या तसे: आपोआप यादी, मार्कडाउन की हाताने टंकन?

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने अर्थशास्त्राच्या वहीची पाने मोबाईलवर टिपून मला टंकनासाठी पाठवली. त्यातल्या एका पानावर १) मागणी, २) पुरवठा आणि त्यानंतर थेट ४) समतोल असे मुद्दे होते, ३) हा मुद्दा सरांनी पुढच्या तासाला घेतल्यामुळे दोन पानांनंतर आला होता. पुरवठ्याखाली अ), ब), क) आणि ब) च्या पोटात i), ii) असे उपमुद्दे होते. शेवटच्या ओळीत ‘४ साठी २(ब)(ii) पहा’ अशी सूचना होती, म्हणजेच एखादा क्रमांक बदलला असता तरी त्या सूचनेने चुकीच्या जागी नेले असते.

वर्डमधील आपोआप यादी दिसायला सर्वांत नीटस असते आणि नवा मुद्दा मध्ये घातल्यास पुढचे क्रमांक स्वतः सरकवते. आपल्या कामात मात्र हीच सोय आड येते. २ नंतर ती ३ देते, आणि ४ हवा असल्यास प्रत्येक खंडित जागी क्रमांकाचे मूल्य हाताने ठरवावे लागते.

साध्या मजकुरात चिन्हे टाकून मांडणी ठरवणाऱ्या मार्कडाउनमध्ये चूक अधिक फसवी असते, कारण लिहिताना सर्व बरोबर दिसते:

```
1. मागणी
2. पुरवठा
4. समतोल
```

पडद्यावर मात्र 1, 2, 3 उमटते, कारण यादीतला फक्त पहिला आकडा पाळला जातो. ‘१)’ किंवा ‘अ)’ लिहिल्यास ती यादी मानलीच जात नाही, क्रमांक टिकतात, परंतु लागोपाठच्या ओळी एका परिच्छेदात मिसळतात आणि डावीकडे सोडलेली मोकळी जागा नाहीशी होते. मजकूर कोडच्या चौकटीत ठेवल्यास दोन्ही टिकतात, पण मग मार्कडाउन वापरण्याचा फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून मूळ क्रमांकन जपायचे असेल, तर साधा मजकूर हाताने टंकावा, असे माझे मत आहे. वर्डमध्येच काम करायचे असल्यास `Automatic numbered lists` आणि `Automatic bulleted lists` हे पर्याय आधी बंद करावेत. यात वेळ अधिक जातो आणि पुढे फेरबदल करणे कटकटीचे होते, हे खरे. नोट्सची नव्याने मांडणी करायची असेल, तर वर्डची यादीच सोयीची.

कोणतीही पद्धत निवडली, तरी छायाचित्र वाचताना दोन ठिकाणी थांबावे. हस्ताक्षरात ‘१’ आणि ‘9’ सारखेच दिसतात, तर टिंब पुसट झालेला ‘i’ हा ‘1’ वाटतो, खालच्या ओळीत ii) असेल तर वरचा i) समजावा. दुसरे म्हणजे, वहीच्या शिवणीजवळ पान वळल्याने ओळी आत सरकल्यासारख्या दिसतात. उपमुद्द्याची पातळी छायाचित्राच्या कडेवरून न ठरवता समासाच्या लाल रेघेपासूनच्या अंतरावरून ठरवावी. भाचीच्या पानावर क) हा ii) च्या रांगेत दिसत होता, परंतु रेघेपासून तो अ) इतकाच दूर होता.