गुणांचे पूर्णांकन : प्रत्येक पायरीवर की शेवटी एकदाच?

प्रति, सर्व शिक्षकवृंद, इंदूर

गुणपत्रकांमध्ये सध्या दोन पद्धती चालतात. काही वर्गशिक्षक चाचणी, अर्धवार्षिक आणि वार्षिक या प्रत्येक परीक्षेचे रूपांतरित गुण आधी पूर्णांकात आणतात व मग बेरीज करतात. इतर शिक्षक बेरीज अपूर्णांकातच करून शेवटी एकदा पूर्णांकन करतात. पहिल्या पद्धतीत तोंडी हिशेब सोपा राहतो आणि पालकांना बेरीज जुळवून पाहता येते, हे मान्य. प्रश्न असा की ती बेरीज विद्यार्थ्याला खरोखर मिळालेल्या गुणांची असते का.

आपल्याकडे २५ गुणांच्या चाचणीचा भार १०, तर प्रत्येकी ८० गुणांच्या अर्धवार्षिक व वार्षिक परीक्षेचा भार अनुक्रमे ३० व ६० आहे. एका विद्यार्थ्याला ९, २६ आणि २५ गुण मिळाले, तर रूपांतर ३.६, ९.७५ आणि १८.७५ होते; खरी बेरीज ३२.१, म्हणजे ३२. पायरीपायरीने मात्र ४, १० आणि १९ मिळून ३३ होतात आणि तो उत्तीर्ण ठरतो. दुसऱ्याला ६, २७ आणि २७ गुण आहेत. त्याचे २.४, १०.१२५ आणि २०.२५ मिळून ३२.७७५, म्हणजे ३३ होतात. पायरीपायरीने त्याच्या पदरी २, १० आणि २० असे ३२च पडतात. ज्याचे गुण जास्त तोच अनुत्तीर्ण होतो, म्हणून शेवटी एकदाच पूर्णांकन करण्याचा नियम मी निश्चित करीत आहे.

अर्धा गुण आल्यास काय करावे, यावरही मतभेद आहेत. भारतीय मानक आयएस २ प्रमाणे नेमका अर्धा सम अंकाकडे वळवतात, त्यामुळे ३२.५ चे ३२ आणि ३३.५ चे ३४ होतात. पुष्कळ मोजमापांची सरासरी काढताना ते योग्यच आहे. परंतु येथे प्रत्येक बेरीज एकाच विद्यार्थ्याची असते, आणि ३२.५ला ३२ पण ३३.५ला ३४ का, हे पालकांना समजावणे कठीण जाईल. म्हणून अर्धा नेहमी वर न्यावा.

संगणकावर केवळ दशांश लपवून भागत नाही. तसे केल्यास पहिल्या विद्यार्थ्याच्या पत्रकात ४, १० आणि १९ यांची बेरीज ३२ दिसेल, आणि ती तक्रार रास्तच असेल. घटकांचे गुण तीन दशांशांपर्यंत दाखवावेत व एकूण गुणांच्या रकान्यातच पुढील सूत्र वापरावे :

```
=ROUND(B2*10/25+C2*30/80+D2*60/80,0)
```

बेरीज आधी एका दशांशावर आणून पुन्हा पूर्णांकित करू नये. तसे केल्यास ३२.४७५चे ३२.५ आणि मग ३३ होतात. कृपागुण हा वेगळा निर्णय आहे, तो पूर्णांकनात मिसळू नये. गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य न लिहिता ‘गै.’ लिहावे, सूत्रात अशा नोंदीमुळे त्रुटी दिसेल, तेव्हा ते पत्रक परीक्षा विभागाकडे द्यावे.

— प्राचार्य