दुय्यम पासबुकासाठी बँकेला पत्र: जुनी मांडणी की नवी, ‘हरवले’ की ‘भिजले’?

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात पत्राला ६ गुण असतात. ‘दुय्यम पासबुक मिळावे म्हणून बँकेच्या शाखा व्यवस्थापकांना विनंती पत्र लिहा’ असा प्रश्न आला की लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पत्राची मांडणी कोणती घ्यायची ही एक, आणि पासबुक हरवले म्हणायचे की खराब झाले म्हणायचे ही दुसरी. पहिल्या निर्णयावर प्रारूपाचे गुण अवलंबून असतात, तर दुसऱ्यावर मजकूर.

मी सोलापुरात दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. पत्राचे औपचारिक मराठी त्यांना शाळेतच भेटते, किंवा मग मोठ्या भावंडांच्या जुन्या वह्यांमध्ये. गोंधळ सुरू होतो तो या जुन्या वह्यांपासून.

त्या वह्यांमधल्या मांडणीत पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि दिनांक वर उजव्या कोपऱ्यात असतो. मग डावीकडे ‘प्रति’, त्याखाली विषय, मायना आणि मजकूर येतो. ‘आपला विश्वासू’ पुन्हा उजवीकडे जाते. शेवटी पाकिटाचा चौकोन काढून त्यात तिकीट, प्रेषक आणि प्रति दाखवायचे. हे कागदावरचे, टपालाने जाणारे पत्र आहे. २०१८ मध्ये दहावीचे पाठ्यपुस्तक बदलले आणि ई-मेलने जाणारे पत्र डोळ्यांसमोर ठेवून नवी मांडणी आली. तिच्यात सगळे डावीकडे लिहायचे असते. वर फक्त दिनांक येतो. पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि ई-मेल खाली, ‘आपला विश्वासू’नंतर येतात. पाकीट काढायचे नसते.

राज्य मंडळाची दहावीची परीक्षा देणाऱ्याने नवीच मांडणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या मांडणीतले पत्र चुकीचे नसते, बँकेच्या टेबलावर ते आजही चालते. पण परीक्षक पाठ्यपुस्तकातले प्रारूप समोर ठेवून तपासतो. दुसऱ्या मंडळाची किंवा स्पर्धा परीक्षा देत असाल तर त्या परीक्षेच्या नमुना उत्तराप्रमाणे जा, तिथे या लेखाचा आधार घेऊ नका.

खरे नुकसान जुनी मांडणी घेतल्याने होत नाही, दोन्ही मिसळल्याने होते. वर उजवीकडे पत्ता लिहिला, सवयीने खालीही लिहिला, दिनांक दोनदा आला, ई-मेल दिला आणि वर पाकीटही काढले, अशी पत्रे मला दरवर्षी तपासायला मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे. लिहून झाल्यावर तुमचा पत्ता पत्रात कितीदा आला ते पाहा. तो एकदाच आला पाहिजे.

आता कारणाकडे वळू. प्रश्नातच ‘हरवले आहे’ असे दिले असेल तर निवड उरत नाही. नुसते ‘दुय्यम पासबुकासाठी’ एवढेच असेल तर मात्र विचार करावा लागतो, कारण दोन्ही पत्रांत बँकेकडे वेगवेगळ्या गोष्टी मागाव्या लागतात.

बचत खात्यातून पैसे काढण्याची स्लिप भरताना बँक सोबत पासबुक मागते. म्हणजे हरवलेले पासबुक दुसऱ्याच्या हाती लागले आणि त्याने सहीची नक्कल केली, तर धोका असतो. म्हणून ‘हरवले’च्या पत्रात दोन वाक्ये हवीतच: जुन्या पासबुकावर कोणालाही पैसे देऊ नयेत, आणि ते सापडले तर मी बँकेत जमा करीन. पासबुक भिजले किंवा फाटले असेल तर ही दोन्ही वाक्ये निरर्थक होतात, कारण जुने पासबुक तुमच्याच हातात असते. तिथे त्यांच्या जागी ‘जुने पासबुक सोबत जोडले आहे’ हे वाक्य येते.

तिसरे एक कारण मुले हमखास लिहितात: पासबुकाची पाने भरली. ते इथे बसत नाही. पाने भरली की बँक पुढचे पासबुक देते, आधीच्या नोंदी जिथे संपल्या तिथून ते सुरू होते. त्याला दुय्यम पासबुक म्हणत नाहीत आणि त्यासाठी व्यवस्थापकांना विनंती पत्र लिहिण्याचे काही कारण नसते. विषयात ‘दुय्यम’ आणि मजकुरात ‘पाने संपली’ असे लिहिले की पत्र स्वतःलाच खोडते.

‘हरवले’चे पत्र नव्या मांडणीत पूर्ण लिहून पाहू. प्रश्नात अ. ब. क. हे विद्यार्थ्याचे नाव दिले आहे असे धरू.

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
क. ख. ग. बँक,
रेल्वे लाईन्स शाखा,
सोलापूर - ४१३ ००१

विषय : बचत खात्याचे दुय्यम पासबुक मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाखेतील बचत खातेदार असून माझा खाते क्रमांक ००००१२३४ आहे. दि. १२ जानेवारी रोजी शाळेतून घरी परतताना सिटी बसमध्ये माझे पासबुक हरवले. शाळेत, घरी आणि बसथांब्यावर शोध घेऊनही ते सापडले नाही.

माझी आई विडी कामगार आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला मला पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत जोडायची आहे. तरी कृपया मला दुय्यम पासबुक द्यावे, ही विनंती. त्यासाठीचे नियमानुसार शुल्क माझ्या खात्यातून वजा करावे.

हरवलेले पासबुक घेऊन कोणी पैसे काढण्यास आल्यास ते देऊ नयेत. ते मला सापडल्यास मी त्वरित बँकेत जमा करीन. ओळखपत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
विजापूर रोड,
सोलापूर - ४१३ ००४
ई-मेल : abc@example.com

पासबुक कसे हरवले हे या पत्रात एका वाक्यात संपते. मुले तिथेच रमतात: बसमध्ये गर्दी किती होती, कंडक्टर काय म्हणाला, आई किती रागावली. ते वर्णन निबंधात शोभेल. व्यवस्थापकांना तारीख, ठिकाण आणि शोध घेतला एवढेच पुरते.

दुसऱ्या परिच्छेदातली गरज मात्र सोडू नका. पासबुक का हवे हे सांगितले की विनंतीला वजन येते, आणि परीक्षकालाही मजकूर तुमचा स्वतःचा वाटतो. आमच्याकडे विडी कामगारांची घरे खूप आहेत आणि शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यात जमा होतात, म्हणून मी हे कारण घेतले. पहिल्या पानावर नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड असतो, म्हणून अर्जाला तेच पान लागते. तुमच्या घरच्या परिस्थितीतले दुसरे खरे कारण असेल तर ते घ्या. ‘अत्यंत गरज आहे’ एवढेच मोघम लिहिलेले पत्र कोणत्याही मागणीला चालते, म्हणूनच ते लक्षात राहत नाही.

आता भिजलेल्या पासबुकाचे पत्र. वरचा आणि खालचा भाग तोच राहील, दिनांक तेवढा पावसाळ्यातला घ्या. मजकूर असा होईल:

मी आपल्या शाखेतील बचत खातेदार असून माझा खाते क्रमांक ००००१२३४ आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून येताना पावसात माझे दप्तर भिजले आणि त्यातील पासबुक खराब झाले. पहिल्या पानावरील नाव व खाते क्रमांक वाचता येत नाही, तसेच काही नोंदीही पुसल्या आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला या पानाची छायाप्रत जोडावी लागत असल्याने कृपया मला दुय्यम पासबुक द्यावे, ही विनंती. खराब झालेले पासबुक व ओळखपत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे. नियमानुसार शुल्क माझ्या खात्यातून वजा करावे.

हे पत्र लहान आहे, चुकायला जागाही कमी आहे. काय खराब झाले हे नेमके सांगितले की काम झाले. तरीही प्रश्नात कारण मोकळे असेल तर मी मुलांना ‘हरवले’ घ्यायला सांगते. त्यात शोध, गरज, खबरदारी आणि हमी असे चार मुद्दे आपोआप येतात. ६ गुणांच्या पत्राला तेवढा मजकूर लागतो, आणि तो ताणावाही लागत नाही. वेळ अगदीच कमी उरला असेल किंवा वाक्यरचनेची भीती वाटत असेल, तर भिजलेले पासबुक सोयीचे.

मायन्याबद्दल थोडेसे. बँकेच्या पत्रात ‘महोदय’ पुरेसे आहे, त्याच्यापुढे ‘स.न.वि.वि.’ नको. व्यवस्थापक बाई असल्याचे प्रश्नात दिले असेल तर ‘महोदया’ लिहा. शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ लिहू नका, ते मुख्याध्यापकांच्या पत्रातून इकडे येते. मुलीने ‘आपली विश्वासू’ लिहावे, आणि मजकुरातली क्रियापदेही त्याप्रमाणे सांभाळावीत.

खाते क्रमांक काल्पनिकच लिहा, घरातल्या खऱ्या पासबुकावरचा उत्तरपत्रिकेत उतरवू नका. सहीही करू नका, प्रश्नात दिलेले नाव पुरे.

हेच पत्र एखाद्या दिवशी खरोखर बँकेत द्यायचे झाले तर तीन गोष्टी बदलतील. खाते क्रमांक पूर्ण आणि खरा लागेल. सही बँकेकडे असलेल्या नमुना सहीशी जुळली पाहिजे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे, पण तुमचे खाते पालक चालवत असतील तर पत्रावर सही पालकांची हवी. आणि मागच्या नोंदी हव्या असतील तर कोणत्या तारखेपासून हव्यात ते लिहा. पुष्कळ बँका दुय्यम पासबुकात चालू शिलकीपासून किंवा अलीकडच्या थोड्या नोंदी छापतात, जुन्यासाठी खातेउतारा वेगळा मागावा लागतो. शिष्यवृत्तीसाठी पहिले पान पुरत असेल तर हे वाक्य लिहायची गरज नाही.