अडकलेला जीएसटी परतावा आणि १० रुपयांचा माहिती अर्ज: काही महिन्यांच्या वापरानंतर

माहिती अधिकाराच्या अर्जाने परतावा खात्यात येत नाही. तो नेमका कोणत्या कागदावर अडलाय एवढंच कळतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. पण अर्ज चुकला तर महिनाभराने "कार्यवाही सुरू आहे" अशी एक ओळ हातात येते.

अर्ज बिघडतो तो "का" या शब्दाने. "माझा परतावा का दिला नाही?" हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटलं, की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन माहिती अधिकारात मागता येत नाही. जन माहिती अधिकाऱ्यांना हा निकाल तोंडपाठ असतो. म्हणून कारण विचारायचं नाही. कारण ज्या कागदावर लिहिलंय, तो कागद मागायचा.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. एलयूटीवर, म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात, अडकलेलं क्रेडिट १,८६,००० रुपये, परताव्याचा अर्ज RFD-01 भरला ३ जूनला. पोचपावती RFD-02 आली १४ जूनला, म्हणजे १५ दिवसांच्या आत. त्यानंतर काहीच नाही. निर्यातीत मिळणारा ९० टक्के तात्पुरता परतावाही नाही. कायद्याने ६० दिवसांत, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत, अंतिम आदेश RFD-06 निघायला हवा होता. तोवर माहिती अर्ज करण्यात अर्थ नाही, मुदत शिल्लक असल्याचं उत्तर येतं. इथे १० सप्टेंबरला माहिती अर्ज गेला. त्यातली मागणी अशी:

"एआरएन क्रमांक (…), दि. ३ जून, या परतावा अर्जाबाबत:
१. अर्ज आजवर कोणकोणत्या अधिकाऱ्यांकडे, कोणत्या तारखेला गेला व आज कोणाकडे आहे, याची नोंद.
२. या प्रकरणातील सर्व टिपण्यांच्या प्रती. प्रकरण ऑनलाइन असल्यास त्यांचे प्रिंटआउट.
३. RFD-03 किंवा RFD-08 काढले असल्यास त्यांच्या प्रती. काढले नसल्यास तसे नमूद करावे."

तिसऱ्या मागणीतलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. परताव्याच्या अर्जात त्रुटी असेल तर अधिकाऱ्याने RFD-03 द्यायचा, परतावा नाकारायचा असेल तर आधी RFD-08 नोटीस द्यायची. दोन्ही नाहीत आणि आदेशही नाही, हे लेखी आलं की उशीर कुणाकडे हे स्पष्ट होतं.

महाराष्ट्रात माहिती अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. नमुना जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्ज दुकानाच्या लेटरहेडवर नको. अधिकार नागरिकाला आहे, पेढीला नाही, म्हणून मालकाने स्वतःच्या नावाने सही करायची, शिक्का टाळायचा. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत लावली की "त्रयस्थाची माहिती" हे कारण उरत नाही. आधी पोर्टलवर आपला जीएसटी क्रमांक शोधून प्रशासकीय कार्यालय राज्याचं की केंद्राचं ते बघा. केंद्राचं असेल तर कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा rtionline.gov.in वापरा. चुकीच्या दारी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा नियम आहे. तरी त्यावर भरवसा न ठेवलेला बरा.

या उदाहरणात टिपणीतून निघालं ते साधं होतं. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात, निर्यातीच्या तक्ता ६ए मध्ये एका शिपिंग बिलाचा क्रमांक चुकलेला. टिपणीवर "व्यापाऱ्यास कळवावे" असा शेराही होता, पण कळवलं कुणीच नव्हतं. तक्ता ९ए मध्ये दुरुस्ती झाली, शिपिंग बिलाच्या प्रतीसह पत्र गेलं आणि ३० नोव्हेंबरला रक्कम जमा झाली.

व्याज मात्र त्यात नव्हतं. ३ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर हे १२० दिवस, दर सहा टक्के, म्हणजे सुमारे ३,६६९ रुपये. ते आपणहून मिळेल असं धरू नका. जीएसटी कायद्याच्या कलम ५६ चा उल्लेख करून वेगळं पत्र द्यायचं, उशिराचा पुरावा म्हणून माहिती अर्जाचं उत्तर जोडायचं. RFD-03 येऊन नवा अर्ज भरावा लागला असेल तर ६० दिवस नव्या अर्जापासून मोजतात, हे हिशेब करताना विसरू नये.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा मोघम आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील: जोडपत्र 'ब', २० रुपये. त्यात कोणत्या क्रमांकाची मागणी अपूर्ण राहिली तेवढंच लिहायचं. बऱ्याचदा टिपणी इथेच हाती लागते. माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं, पण अडकलेल्या परताव्यासाठी ती वाट फार लांबची आहे.