घड्याळाची काच: सफायर, मिनरल की ॲक्रिलिक?

काचेवर चरे पाडते ती मुख्यतः धूळ. धुळीतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापावर ७, सफायरचा ९, मिनरल काचेचा साधारण ६. म्हणून रोज बाइकवर फिरणाऱ्याने सफायरच घ्यावी. फक्त ती उजेडात जास्त चमकते, त्यामुळे चमक कमी करणारा लेप आहे का ते बघा. फरशीवर आपटली तर मात्र तडकू शकते, आणि बदलायला सर्वांत महाग.

मिनरल स्वस्त, पण तिचा चरा घरी निघत नाही. सरळ काच बदलायची.

ॲक्रिलिकवर किल्लीनेही ओरखडा उठतो. तरी माझ्या जुन्या एचएमटी जनतावर टूथपेस्टचा ठिपका लावून मऊ फडक्याने पाच मिनिटं गोल गोल घासलं, बारीक चरे गेले. नखाला अडकणारा एक तेवढा राहिलाय.