प्लग काढला, लगेच लावला, आणि माझे सात हजार गेले

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिल्या वळवाला आमच्याकडे लाइट जायची, मिनिटभरात यायची, परत जायची. अशाच एका संध्याकाळी फ्रिजमागून 'घूंऽऽ' असा दबका आवाज येऊ लागला. सात-आठ सेकंदांनी 'टक', मग शांतता. थोड्या वेळाने परत घूंऽऽ, टक. मी घाबरून ओळखीतून नंबर मिळवला आणि मेकॅनिकला बोलावलं.

तो आला तासाभराने. तोवर फ्रिज आपला मुकाट चालू झाला होता. तसं सांगितलं तर म्हणाला, "ताई, थांबा, दाखवतो." त्याने चालू फ्रिजचा प्लग काढला आणि दहा सेकंदांत परत लावला. घूंऽऽ, टक. थोडं थांबून पुन्हा तेच केलं. "ऐकलंत? कॉम्प्रेसर जाम होतोय, उचलत नाही. आज ना उद्या जाणारच." डोळ्यांसमोर दाखवल्यावर कोण शंका घेणार? फ्रिज दुकानात गेला आणि तिसऱ्या दिवशी काळ्या चकचकीत 'नव्या' कॉम्प्रेसरसह परत आला. गॅससकट सात हजार दोनशे.

महिन्याने लाइट झपकन जाऊन आली. घूंऽऽ, टक.

तेव्हा यांचे मामा घरी होते. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी प्लग काढला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चहा टाक." चहा होऊन, पिऊन झाला. मग प्लग लावला, तर फ्रिज पहिल्याच दमात सुरू! त्यांनी तो परत बंद केला, लगेच चालू केला आणि वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरला. एरवी एक अँपिअरच्या आसपास असणारा आकडा सहाच्या वर गेला, टक झालं आणि शून्यावर आला.

"अगं, यात बिघाड काहीच नाही," म्हणाले. कॉम्प्रेसरच्या मोटरला दोन वाइंडिंग असतात. एक चालण्याचं, दुसरं फक्त सुरुवातीला धक्का देण्याचं. धक्का देऊन झाला की दुसऱ्याचा प्रवाह तोडायचं काम पीटीसी रिलेचं. त्याच्या आत नाण्याएवढी सिरॅमिकची चकती असते. ती गार असताना प्रवाह सहज जाऊ देते, पण सेकंदभरात इतकी तापते की तिचा रोध हजारो ओहमवर जातो आणि धक्क्याचं वाइंडिंग जवळजवळ बंद पडतं. फ्रिज चालू आहे तोवर ती तापलेलीच राहते.

म्हणजे चालता फ्रिज बंद करून लगेच लावला तर चकती गरमच असते. धक्का मिळत नाही, मोटर जागच्या जागी घुमते, प्रवाह वाढतो आणि शेजारचा ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच तो तोडतो. तोच तो 'टक'. शिवाय आत गॅसचा दाब एका बाजूला चढलेला असतो. तो बारीक कॅपिलरीतून समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात आणि त्या दाबाविरुद्ध उचलण्याची ताकद या मोटरमध्ये नसते. ओव्हरलोडने प्रवाह तोडला की चकतीही गार होत जाते, म्हणून दोन-चार 'टक' झाल्यावर फ्रिज आपोआप सुरू होतो. त्या संध्याकाळी हेच झालं होतं. मेकॅनिकने केलेली 'तपासणी' कुठल्याही धडधाकट फ्रिजवर केली तरी असाच आवाज आला असता. (इन्व्हर्टर फ्रिजला हे लागू नाही, त्यात रिलेऐवजी कार्ड असतं.)

मग मामांनी बॅटरी घेऊन मागे डोकावून पाहिलं. कॉम्प्रेसर बदलायचा तर तांब्याच्या नळ्या कापून नव्याने वेल्डिंग करावं लागतं. आमच्या नळ्यांवर तसा जोडच नव्हता. होता तो फक्त काळा स्प्रे, आणि तोही घाईत मारलेला. कंपनीच्या जुन्या स्टिकरचा कोपरा त्याखालून डोकावत होता.

खरा दोष असता तर पाच-सात मिनिटं थांबूनही घूं-टक चालूच राहिलं असतं. तेव्हासुद्धा आधी प्लग काढून रिले उपसायचा आणि कानाशी हलवायचा. आत खुळखुळलं तर चकती फुटली आहे. मामांनी आमचा हलवला, आवाज आला नाही. नवा आणला असता तरी, ते म्हणाले, दोन-तीनशेच्या वर गेला नसता.

मेकॅनिकला फोन लावला. "जुना कॉम्प्रेसर कुठंय?" एवढंच विचारलं. "भंगारात दिला, ताई." मी म्हटलं, भंगारवाल्याने तो रंगवून माझ्याच फ्रिजला परत बसवलाय. फोन कट झाला. पैसे काही आले नाहीत. आता फ्रिजला वेळ धरून चालू होणारा स्टॅबिलायझर लावलाय. लाइट आली की तो तीन मिनिटं लाल दिवा लावून बसतो, मग फ्रिज सुरू होतो.