मराठी कॅप्शनमध्ये बोलणारा कोण, हे दाखवायचे चार मार्ग: डॅश, नाव, जागा आणि रंग

एक प्रसंग घेऊ. आई ओट्यापाशी उभी आहे, मुलगा टेबलाशी बसलाय. दोघं आपल्याला दिसतायत. आतल्या खोलीतून आजी विचारते, "दूध उतू गेलं का गं?" तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि आई दचकते. ऐकू येणाऱ्याला यात काहीच अवघड नाही. ऐकू न येणाऱ्याला मात्र दुधाचा प्रश्न कोणी विचारला हेही कळत नाही आणि आई का दचकली हेही.

सगळ्यात सोपा मार्ग डॅशचा. एकाच कॅप्शनमध्ये दोघं बोलले की प्रत्येकाची ओळ वेगळी:

- चहा ठेवू?
- नको, निघतोय.

दोघांचेही ओठ दिसत असतील तर एवढं पुरतं. शिवाय "निघतोय" आणि "निघतेय" यांतून मराठी क्रियापदच अर्धी ओळख करून देतं. पण डॅश फक्त माणूस बदलला एवढंच सांगतो, कोण बोलतंय ते सांगत नाही. आई आणि आजी दोघी बायका, तिथे क्रियापदाचाही उपयोग नाही. आणखी एक तोटा म्हणजे उत्तर प्रश्नाबरोबरच पडद्यावर येतं. उत्तरातच धक्का किंवा विनोद असेल तर डॅश सोडा आणि दोन कॅप्शनं वेगळ्या वेळी लावा.

दुसरा मार्ग नावाचा. आजी दिसत नाही, म्हणून "[आजी] दूध उतू गेलं का गं?" असं लिहायचं. इंग्रजीत नाव मोठ्या लिपीत लिहून संवादापासून वेगळं काढतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे "आजी दूध उतू गेलं का" असं नुसतं लिहिलं तर आजीलाच हाक मारल्यासारखं वाचलं जातं. नावापुढे अपूर्णविराम दिला तर छोट्या अक्षरांत तो विसर्गासारखा दिसतो, आणि घाईत टंकताना खरोखरच विसर्ग पडतो. म्हणून आम्ही चौकटी कंसच सुचवतो. तिरका टाइपही टाळा. बऱ्याच देवनागरी फाँटना खरा तिरका टाइप नसतो, मग सॉफ्टवेअर अक्षरं नुसती कलंडवतं आणि जोडाक्षरं वाचायला त्रास होतो.

नाव प्रत्येक ओळीला लावू नका, वाचायचा वेळ फुकट जातो. माणूस दिसत नसेल, पाठमोरा असेल किंवा गर्दीत असेल तेव्हाच लावा. कथेने अजून नाव सांगितलं नसेल तर "[फोनवरचा पुरुष]" लिहा. तिथे खरं नाव टाकलं तर रहस्य फक्त कॅप्शन वाचणाऱ्यालाच आधी कळतं.

तिसरा मार्ग जागेचा: डावीकडच्याचं बोलणं डावीकडे, उजवीकडच्याचं उजवीकडे. दोघं स्थिर बसलेले असतील तर हे फार सहज वाचता येतं. मात्र SRT या साध्या कॅप्शन-फाइलच्या प्रकारात जागेची सर्वमान्य सोय नाही, WebVTT या दुसऱ्या प्रकारात आहे:

```
WEBVTT

00:00:12.400 --> 00:00:14.600 align:left position:10%
चहा ठेवू?

00:00:14.700 --> 00:00:16.500 align:right position:90%
नको, निघतोय.
```

तुमचा प्लेअर या सूचना पाळतो का, ते मोबाइलवर उघडून पाहा. न पाळणाऱ्या प्लेअरवर सगळं मधोमध येतं आणि तुम्ही नावही दिलेलं नसतं. WebVTT मध्ये `<v आजी>` अशी खूण असते, तिच्यावर भिस्त ठेवून फसायला होतं. ती माहिती फाइलमध्ये राहते, पण वेगळी शैली न लावता ब्राउझर नाव पडद्यावर दाखवत नाही.

चौथा मार्ग रंगाचा. ब्रिटनमध्ये बीबीसी पांढरा, पिवळा, निळसर आणि हिरवा असे रंग वापरते, आणि तिथल्या प्रेक्षकाला त्याची सवय आहे. आपल्या प्रेक्षकाला तशी सवय नाही. कुठला रंग कोणाचा हे त्याला लक्षात ठेवावं लागतं. रंगांधळ्याला तो फरक दिसेलच असं नाही, आणि प्रेक्षकाने स्वतःच्या सेटिंगमध्ये रंग बदलला की सगळी खूणच पुसली जाते.

फाइल कुठे चालवली जाईल यावर तुमचा ताबा नसेल तर डॅश आणि कंसातलं नाव एवढंच वापरा. स्वतःच्या वेबसाइटचा प्लेअर असेल तर जागाही वापरा, पण आजीचं नाव काढू नका. जागा डावी-उजवी सांगते, पडद्याबाहेरचं सांगत नाही.

आता शिट्टी. "[फुस्स्स]" लिहायचा मोह होतो, कारण मराठीत ध्वनीचे शब्द भरपूर आहेत. मोठेपणी ऐकू येईनासं झालेल्या माणसाच्या मनात तो आवाज जागा होईल. जन्मापासून ऐकू न येणाऱ्याला मात्र त्यातून कुकर कळणार नाही. "[कुकरची शिट्टी]" दोघांनाही कळतं. हे कॅप्शन शिट्टी सुरू होते त्याच क्षणी यायला हवं. अर्धा सेकंद आधी आलं तर आईचं दचकणं आधीच ठाऊक होतं, आणि उशिरा आलं तर ती विनाकारण दचकल्यासारखी वाटते. आजीचा प्रश्न आणि शिट्टी एकत्र आली तर दोन ओळी अशा लावा:

[आजी] दूध उतू गेलं का गं?
[कुकरची शिट्टी]

पाठीमागे पंखा फिरतोय, रस्त्यावर गाड्या आहेत, ते लिहू नका. पण पंखा बंद पडल्यावर आई वर बघत असेल, तर "[पंखा थांबतो]" लिहायलाच हवं.