अबाया ५४ चा की ५६ चा, सात महिने वापरून माझा अनुभव

मी मिरजेत राहते आणि कामाला सांगलीत विश्रामबागला जाते, रोज बसनं ये-जा, म्हणजे अबाया दिवसाचे नऊ-दहा तास अंगावर असतो. जूनमध्ये ऑनलाइन काळ्या निदा कापडाचा मागवला, माझी उंची ५ फूट ३ इंच आणि चार्टवर या उंचीला ५६ लिहिलं होतं म्हणून तोच घेतला. कापड छान, शिलाई छान, पण पहिल्याच पावसात मागचा काठ चिखलानं भरला आणि बसच्या पायरीवर पुढचा काठ पायाखाली आला, कंडक्टरनं हात धरला म्हणून वाचले. पंधरा दिवसांत मागच्या बाजूला टाचेजवळ काठाचे दोरे निघाले. हीच लांब झाल्याची खूण बघा, सपाट जमिनीवर आरशात सगळं ठीक दिसतं, पण जिना चढताना पुढनं पाय अडकतो आणि मागनं काठ झिजतो.

मग तो अबाया बेडवर सरळ पसरून टेप लावली. खांदा जिथं गळ्याला लागतो तिथनं खालच्या काठापर्यंत बरोबर ५६ इंच भरला. म्हणजे ५२, ५४, ५६ हे आकडे कपड्याच्या लांबीचे आहेत, आपल्या उंचीचे नाहीत, चार्ट फक्त उंचीवरनं अंदाज बांधतो. आता माझी नणंदही ५ फूट ३ इंचच आहे, पण तिची मान लांब आणि अंगानं ती बारीक, तिचं खांद्यापासून जमिनीपर्यंतचं माप ५२.५ आलं आणि माझं ५३.५. एकाच उंचीच्या दोघींत सरळ एक इंचाचा फरक!

माझं माप पण पहिल्यांदा चुकलंच होतं. मी एकटीनं टेप धरून खाली वाकून बघत होते, वाकलं की खांदा पुढे येतो आणि आकडा कमी दिसतो. नंतर अम्मीनं घेतलं तेव्हा मी भिंतीला पाठ लावून समोर बघत उभी राहिले. टेप मानेजवळच्या खांद्यापासून सुरू करून छातीच्या सगळ्यात पुढच्या भागावरनं नेली आणि तिथनं सरळ जमिनीपर्यंत सोडली. छातीवरनं न्यायलाच हवी, कारण कापड पण तिथनंच खाली पडतं. बाजूनं हवेत धरून मोजलं तर माझं माप ५२.५ येत होतं आणि त्या मापाचा कपडा पुढनं उचललेला दिसला असता.

हे अनवाणी माप झालं, आता चप्पल. माझी रोजची सँडल १ इंचाची, म्हणजे जमिनीपर्यंत ५४.५ झाले. चालताना काठ जमिनीपासून थोडा वर हवा, बस आणि जिना असेल तर मला दीड इंच बरोबर वाटतो, म्हणजे कपडा ५३ हवा. ५२ घेतला असता तर अडीच इंच वर राहिला असता आणि बसल्यावर घोटा दिसला असता. म्हणून ५४ मागवला आणि आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडनं १ इंच आत दुमडून हातशिलाई मारून घेतली. कापू नका म्हणून आधीच सांगितलं, दुमड आत असली की पुढे उंच सँडल घेतली तर उसवून लांबी परत मिळते. नणंद अर्ध्या इंचाची सपाट चप्पल घालते, तिला ५२.५ अधिक अर्धा म्हणजे ५३, त्यातनं इंचभर वर धरलं की ५२ नंबर न दुमडता बसला.

सात महिन्यांत हा ५४ आठवड्याला दोनदा धुतला, निदा आटला नाही, काठ अजून शाबूत आहे. पण रेयॉनचा दुसरा एक घेतला होता, तो मी धुवायच्या आधीच काठ मारून आणला आणि पहिल्या दोन धुण्यात जवळजवळ इंचभर वर गेला. आता असलं कापड असेल तर आधी धुवून वाळवायचं, मगच टेलरकडे द्यायचं. छत्रीसारख्या घेराचा असेल तर धुण्याबरोबर एक-दोन रात्री हँगरला लटकवून ठेवा, तिरकं कापलेलं कापड बाजूनं खाली उतरतं, आणि काठ त्यानंतर अंगावर घालूनच मारायला लावा. अजून एक, मी खांद्याला जड पर्स अडकवते, त्या बाजूनं काठ अर्धा इंच वर जातो, तो मापाचा दोष नाही, ट्रायल देताना पर्स काढून ठेवा पण सँडल मात्र घालून जा.

तो पहिला ५६ टाकला नाही. लग्नाला अडीच इंची सँडल असते, ५३.५ आणि अडीच म्हणजे ५६, तिथं काठ इंचभर वर पुरतो, म्हणून तो ५५ करून घेतला. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या निकाहला घातला, हॉलचा जिना दोनदा चढले उतरले, कुठं अडकला नाही. सपाट चप्पल घालून मात्र तो बाहेर नेत नाही, तेव्हा काठ परत जमिनीला लागतो.